‘रेसिड्युअल रिस्क’ला मराठीत काय लिहावं?

प्राची: नमस्कार. मी एका रासायनिक कारखान्यात आहे. आमच्या हिरा शीटवरून, म्हणजे प्रत्येक कामाचे हॅझर्ड आणि रिस्क नोंदवलेल्या तक्त्यावरून, शिफ्ट सुपरवायझरांसाठी एकपानी मराठी यादी करायला सांगितली आहे. त्यात काम, धोका, उपाय आणि उपायांनंतरचं रेटिंग एवढंच हवं. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, गाळाच्या टाकीची ओळ शीटवर अशी आहे:

काम – टाकी साफ करणे. हॅझर्ड – गॅस डिटेक्टर न वापरणे, मास्क न घालणे. रिस्क – गुदमरणे. आधीचं रेटिंग – संभाव्यता ४, तीव्रता ५, एकूण २०. उपाय – परमिट, गॅस टेस्ट, ब्लोअर, मास्क, ट्रेनिंग. नंतरचं रेटिंग – संभाव्यता २, तीव्रता २, एकूण ४, रंग हिरवा.

हॅझर्ड आणि रिस्क, दोन्हींना आमच्याकडे ‘धोका’च म्हणतात. यादीत दोन वेगळे शब्द कोणते घालू? आणि शेवटच्या, ‘रेसिड्युअल रिस्क’च्या रकान्याला काय म्हणू? ‘अवशिष्ट जोखीम’ लिहिलं तर रात्रपाळीत कोणी वाचेल असं वाटत नाही.

सुनंदा: ‘जोखीम’ हा आमच्या विम्यातला रोजचा शब्द आहे. कंपनीने जोखीम स्वीकारली की तिच्यावर भरपाईची जबाबदारी येते. ‘शेष जोखीम’ लिहिलंत तर पॉलिसीबाहेर राहिलेली रक्कम असा अर्थ होईल. तुमच्या कामगारांची पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे ते सांगितलंत तर नेमका शब्द सुचवता येईल.

प्राची: सुनंदाताई, प्रश्न विम्याचा नाही. टाकीत उतरणाऱ्या माणसाचा आहे.

मिलिंद: सोपं आहे. हॅझर्ड म्हणजे धोका आणि रिस्क म्हणजे जोखीम. धोका तिथे असतोच, जोखीम म्हणजे तो अंगावर येण्याची शक्यता आणि आला तर होणारं नुकसान, दोन्ही मिळून. शेवटच्या रकान्याला ‘उरलेली जोखीम’ म्हणा. आकडे बरोबर आहेत. मास्क घातला की इजा कमी होते, म्हणून तीव्रता ५ वरून २ झाली. आमच्या शीटवरही असंच असतं.

वसंतराव: मिलिंद, शब्दांपर्यंत तुझं बरोबर आहे, आकड्यांचं नाही. मी सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, अशा टाक्यांची परमिटं बरीच तपासली आहेत.

प्राची, आधी तुझ्या हॅझर्डच्या रकान्याकडे बघ. ‘मास्क न घालणे’ हा धोका नाही, तो उपाय उलटा करून लिहिलेला आहे. टाकीतला धोका म्हणजे गाळात साठलेला हायड्रोजन सल्फाइड आणि तिथली कमी ऑक्सिजनची हवा. मास्क कपाटात असो की तोंडावर, ते दोन्ही तिथे आहेतच. धोक्याच्या रकान्यात ‘न’ आला की मी ती ओळ परत पाठवत असे. कारण तशी ओळ वाचली की सुपरवायझर फक्त मास्क आहे का ते बघतो, आत कोणता गॅस आहे हे विचारतच नाही.

आता तीव्रता. मास्क निसटला किंवा हवेची नळी दुमडली तर हा गॅस पूर्वीइतकाच जीव घेतो. म्हणजे ५ चा ५ च राहतो, उपायांनी खाली येते ती संभाव्यता. ५ गुणिले २ म्हणजे १०. तुमच्या तक्त्यात १० ला कोणता रंग आहे?

प्राची: पिवळा. पिवळ्याला विभागप्रमुखाची सही आणि टाकीच्या तोंडाशी सतत उभा राहणारा माणूस लागतो. हिरव्याला सुपरवायझरची सही पुरते.

वसंतराव: बघ, चुकीच्या २ मुळे तोंडाशी उभा राहणारा माणूसच यादीतून गळाला.

मिलिंद: म्हणजे तीव्रता कधीच कमी होत नाही?

वसंतराव: होते, पण धोक्याचीच ताकद कमी केली तर. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवा वापरायला मनाई होती. तिथे विजेच्या धक्क्याची तीव्रता खरोखर उतरते. माणूस न उतरवता बाहेरून पाण्याच्या जेटने गाळ काढला तर उतरण्याची ओळच शीटवरून जाते. मास्कने यातलं काहीच होत नाही.

आणि मास्क कोणता, हेही लिही. नुसतं ‘मास्क’ वाचून मुलं कार्ट्रिजवाला उचलतात. तो फार तर गॅस गाळेल, पण ऑक्सिजन देत नाही. इथे बाहेरून हवा पुरवणारा एअरलाइन मास्क किंवा पाठीवरच्या सिलिंडरचा सेट लागतो.

बाळासाहेब: आमचा साखर कारखाना आहे. मळीच्या टाकीची सफाई होती. पहिल्या पाळीने झाकणापाशी मीटर धरला, ऑक्सिजन २०.९ आला. रेटिंग हिरवं म्हणून तोच कागद दुसऱ्या पाळीला दिला. जेवणानंतर ब्लोअर बंद होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही. उतरलेल्या मुलाला चक्कर आली. कमरेला पट्टा आणि दोर होता म्हणून वर ओढता आलं. तेव्हापासून मला वाटतं की रेटिंगचा रकाना सुपरवायझरला दाखवूच नये.

वसंतराव: दाखवावा, पण अटीसकट. तो आकडा सगळे उपाय चालू असतील तेव्हाचा आहे. ब्लोअर बंद पडला त्या क्षणी तुमची टाकी आधीच्या आकड्यावर गेली, कागदावर रंग कोणताही असो. म्हणून उपायांचा रकाना पाळीच्या सुरुवातीला प्रश्न म्हणून वाचायचा. ब्लोअर आत्ता चालू आहे का? मीटरची कॅलिब्रेशनची तारीख उलटली आहे का? एकाचंही उत्तर अडलं तर उतरायचं नाही.

झाकणापाशी मीटर धरणं हीसुद्धा चूक होती. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेपेक्षा जड. हायड्रोजन सल्फाइडही जडच. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी नळी सोडून मोजायचं.

प्राची, म्हणूनच ‘टाकी साफ करणे’ ही एक ओळ पुरत नाही. गाळ शांत असताना मीटर शून्य दाखवतो आणि फावडं लागलं की गॅस सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. उतरणं आणि गाळ ढवळणं ही दोन वेगळी कामं धर.

प्राची: असं लिहिलं तर चालेल का?

काम – उतरल्यावर गाळ ढवळून बादलीने वर देणे. धोका – गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड, कमी ऑक्सिजन. उपाय – टाकीत येणाऱ्या लाइनी बंद करून टाळा, ब्लोअर सतत चालू, अंगावर गॅस मीटर, एअरलाइन मास्क, पट्टा आणि दोर, तोंडाशी माणूस. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा गॅस १० पीपीएमवर गेला की लगेच बाहेर. उरलेली जोखीम – ५ × २ = १०, पिवळा, वरचे सगळे उपाय चालू असतील तरच.

वसंतराव: चालेल. ‘ट्रेनिंग’ काढलंस ते बरं केलंस, पाळीच्या तोंडावर ते तपासता येत नाही. ऑक्सिजनची वरची मर्यादाही घाल, २३.५ टक्के. त्यावर गेला तर आगीचं भय.

मिलिंद: तीव्रतेचं पटलं. पण संभाव्यता २ कशावरून? आमच्याकडे तो आकडा मीटिंगमध्ये अंदाजाने ठरतो.

वसंतराव: बहुतेक ठिकाणी तसाच ठरतो. टाकीत उतरणारे कामगार त्या मीटिंगला बसवा, आकडा वर सरकतो असा माझा अनुभव आहे.

बाळासाहेब: ‘उरलेली जोखीम’ला माझी हरकत आहे. आमच्याकडे उरलेलं म्हणजे टाकून द्यायचं. ‘शिल्लक जोखीम’ म्हटलं की अजून खात्यावर आहे हे कळतं.

सुनंदा: शब्द कोणताही घ्या, ‘चालू असतील तरच’ हे आकड्याच्या शेजारीच छापा, तळटीपेत नको. पॉलिसीच्या अटी तळाशी असल्या की लोक वाचत नाहीत, हे रोज बघते.

प्राची: शेजारीच घेते. ‘उरलेली’ की ‘शिल्लक’ हे उद्या दोन्ही पाळ्यांना विचारते. कंत्राटदाराची माणसं बरीचशी हिंदी बोलणारी आहेत, त्यांना यातलं कोणतं कळेल?