मदत हवी आहे: वय २२, पगार लहान. गुंतवणूक आत्ताच सुरू करावी का?

नीलमोहर:
पहिलीच नोकरी आहे. खरे आकडे सांगायला संकोच वाटतो, म्हणून पगार १०० धरते. भाडं, जेवण, प्रवास, घरी पाठवायचे, सगळं मिळून ८५ जातात आणि १५ उरतात. लॅपटॉप क्रेडिट कार्डावर घेतला होता, त्याचे ३० अजून बाकी आहेत. त्यावर महिन्याला ३ टक्के व्याज लागतं. ऑफिसातले म्हणतात, वय हाताशी आहे, शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात लगेच टाकायला लाग. एवढ्याशा पैशाने काही होतं का? आणि फंड कोणता घ्यावा?

चक्रवाढ:
आजच सुरू करा! दरमहा १० टाकले आणि वर्षाला १० टक्के मिळाले असं धरा. २२ ते ६० मध्ये साधारण ५१,६०० होतात. तेच ३२ व्या वर्षी सुरू केलं तर १८,३००. दहा वर्षांची किंमत बघा! कार्डाची किमान रक्कम भरत राहा, ते फिटेल सावकाश.

रेवाकाठ:
जपून हो. माझ्या भावाला नात्यातल्याच एजंटाने पहिल्या पगारावर पॉलिसी गळ्यात मारली, विमा आणि बचत एकत्र. दोन हप्ते भरले आणि नोकरी सुटली. पॉलिसी मोडायला गेला तर भरल्याच्या निम्मेही हातात आले नाहीत. शेअर बाजाराचं नावच नको.

जुना हिशेबनीस:
रेवाकाठ, त्यात बाजाराचा काही संबंध नव्हता. पैसे अडकणार होते, आणि त्याची नोकरी अजून पक्की नव्हती. पण तुमचा किस्सा इथे अगदी लागू आहे, त्याकडे येतो.

नीलमोहर, तुला 'तू' म्हणतो. आधी कार्ड. ३६ टक्के व्याज भरत १० टक्क्यांच्या आशेवर पैसे टाकायचे, हा हिशेब जुळत नाही. 'सावकाश फिटेल' तर मुळीच नाही, कारण किमान रकमेतला बराचसा भाग व्याजातच जातो. उरलेले १५ सगळे तिकडे वळव. तिसऱ्या महिन्यात जेमतेम दीड भरायचा राहील.

मग 'कोणता फंड'. दरमहा १५ वर्षभर टाकलेस, तर ६ टक्क्यांच्या ठेवीत १८५ होतात, १० टक्के देणाऱ्या फंडात १८८.५. फरक साडेतीनचा! सुरुवातीची काही वर्षं रक्कम वाढते ती तू टाकतेस म्हणून, परताव्यामुळे नाही. फंड निवडण्यात रात्री घालवू नकोस. त्यापेक्षा पगारवाढ झाली की १५ चे २० कसे होतील ते बघ.

पहिल्या वर्षी खरी गरज मोडता येईल अशा पैशांची आहे, तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढ्या. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक निम्म्याहून खाली आला आणि त्याच काळात नोकऱ्याही गेल्या. ही दोन संकटं बरेचदा हातात हात घालून येतात. जवळ रोकड नसेल तर नेमकं पडलेल्या भावात विकावं लागतं. भावाची पॉलिसी मोडली तशीच ही गोष्ट.

चक्रवाढ:
रोकड ठेवा, पण दहा वर्षांचा फरक तिपटीच्या जवळ आहे, तो खोटा आहे का?

जुना हिशेबनीस:
गणित बरोबर आहे. फक्त त्यातून महागाई वजा केलेली नाही. ती ६ टक्के धरा, म्हणजे खरी वाढ ४ टक्क्यांची. तिपटीची पावणेदोन पट होते. शिवाय ३२ व्या वर्षी पगार वाढलेला असतो, तेव्हा हप्ता पावणेदोन पट केला की तेही भरून निघतं. लवकर सुरू करणं चांगलंच, पण दीड वर्ष उशीर झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. आणि १० टक्के कुणी लिहून देत नाही. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शिखरावर पुन्हा पोचायला २०२४ उजाडलं.

नीलमोहर:
दीड वर्ष कुठून आलं? तीन महिन्यांचा खर्च म्हणजे २५५. १५ ने भागलं तर सतरा महिने! तोवर काहीच गुंतवायचं नाही?

जुना हिशेबनीस:
मी एक महिन्याचा खर्च, म्हणजे ८५, आधी बाजूला काढेन. मग १० रोकडीत, ५ फंडात. सवय लागते, आणि बाजार पडल्यावर आपलं पोट दुखतं का हे थोडक्यात कळतं.

पाऊलवाट:
मला नाही पटत. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीवर दोन घरं अवलंबून असतात. तिने सतरा महिने थांबलेलंच बरं. पण कंपनीच्या निवृत्ती योजनेत तू भरशील तितकीच भर मालक घालतो का, ते आधी विचार. घालत असेल तर तेवढं आजपासून भर. टाकल्या क्षणी दुप्पट, असं दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फक्त नोकरी किती वर्षांच्या आत सोडली तर मालकाची भर परत जाते, तेही वाचून घे.

नीलमोहर:
भर घालतात असं ऐकलंय, अट माहीत नाही. उद्या एचआरला विचारते. लॅपटॉपचे १५ आत्ताच भरले.