कवीला पत्र लिहून ओळीचा अर्थ विचारला आहे का? (अनुभव धागा)

माडपान, फोंडा
परवा कपाट आवरताना पदवीच्या वर्षातले एक आंतर्देशीय पत्र हाती लागले, म्हणून हा धागा काढत आहे. आम्हाला एका हयात गोमंतकीय कवींची कविता होती. तिच्यातील ‘मानशीच्या दाराशी पाणी पाठमोरे उभे’ ही ओळ वर्गात कोणालाच उलगडेना, तेव्हा आपल्याला काय म्हणायचे होते, असे मी कवींनाच विचारले. लिहिताना माहेराहून परतणारी आई डोळ्यांसमोर होती, असे त्यांनी कळवले. मी परीक्षेत तेच लिहिले आणि सरांनी समासात शेरा मारला, ‘कवितेत आई कुठे आहे?’ गुण कापले, याचा राग अजून आहे.

सांजवेळ
लेखक मेला, असे रोलाँ बार्थ सांगून गेला आहे, त्यामुळे कवीला पत्र लिहिणेच मुळात चूक होते.

खाजनकाठ, चोडण
आईचे नंतर पाहू. मानस म्हणजे खाजन शेतीच्या बांधातली दारे असलेली पाण्याची वाट. भरतीचे पाणी नदीकडून रेटू लागले की मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आमच्याकडे तेव्हाच तिथे जाळे लावून मासळी धरतात. म्हणजे भरतीत दाराच्या दोन्ही बाजूंना पाणी असते. कवींचे पाणी आतले की बाहेरचे?

केपेकर
मीही एका कवींना पत्र लिहिले होते, आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून यावे यासाठी. उत्तर आले नाही आणि खतखते मात्र पन्नास जणांचे झाले होते.

जुना ग्रंथपाल, पणजी
सांजवेळ, बार्थचा निबंध 1967 चा. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन समीक्षकांनी 1946 मध्येच या पत्राचा विचार केला होता. टी. एस. एलियट यांच्या कवितेतल्या प्रुफ्रॉकने जलपऱ्यांचे गाणे ऐकले आहे आणि जॉन डनच्या एका गीतातही ते गाणे येते. एलियट तेव्हा हयात होते, त्यामुळे डन मनात होता का, असे त्यांना पत्राने विचारता आले असते. पण त्या उत्तराचा कवितेशी संबंध नसेल, असे या दोघांचे म्हणणे होते. माडपान यांच्या सरांचा शेरा याच घराण्यातला आहे. मला हे टोकाचे वाटते, कारण छापील शब्द बरोबर आहे ना, मानशी कुठली, हे कवीच सांगू शकतात. पुढची ओळ काय आहे?

माडपान, फोंडा
‘नदी बोलावते, ते वळत नाही.’

खाजनकाठ, चोडण
मग ते आतलेच पाणी, आणि वेळ भरतीची. दार मिटलेले असताना ते वळणार कुठे? हा रुसवा नाही, अडकणे आहे. माहेराहून परतणारी आई तर आपल्या पायांनी निघते, म्हणून सरांचा शेरा मला पटतो.

केपेकर
आपल्या पायांनी? आमच्या आईला न्यायला मामंजी दारात येऊन बसत.

जुना ग्रंथपाल, पणजी
केपेकर, हे कवींनी पत्रात लिहिले असते तरी सरांनी गुण कापलेच असते. कवितेत न्यायला आलेले कोणी आहे का, माडपान? संपूर्ण कविता इथे उतरवा.