गूगलच्या रिस्पॉन्सिव्ह जाहिरातीत मथळे पिन करावेत की मोकळे सोडावेत?

पेटीवाली: पुण्यात देवगड हापूस घरपोच देते. पंधरा मथळे लिहिले, पण त्यातले कोणते आणि कोणत्या क्रमाने दाखवायचे हे गूगलच ठरवतं. काल जाहिरात अशी दिसली: ‘तुमच्या पुण्यातल्या घरी | आजच पेटी मागवा | कोकणातल्या बागेतून थेट’. वाक्याचं डोकं खाली, पाय वर! सगळे पिन करून, म्हणजे ठरावीक जागेला बांधून टाकू का?

जुना_खेळाडू: करा. तिन्ही जागांवर एकेक मथळा पक्का करा, विषय संपला. आपलं वाक्य यंत्राने का मोडावं?

अक्षरमोजणी: मला हे पटत नाही. ‘कोकणातल्या बागेतून थेट’ आणि ‘तुमच्या पुण्यातल्या घरी’ हे एकाच वाक्याचे दोन तुकडे आहेत, म्हणून ते उलटले की अर्थ जातो. प्रत्येक मथळा एकटा उभा राहिला पाहिजे. मालाचं नाव असलेले तीन मथळे लिहा, उदाहरणार्थ ‘देवगड हापूस घरपोच’, आणि ते तिन्ही पहिल्या जागेला पिन करा. तिथे त्यांच्यातलाच एक येईल. बाकीच्यांत ‘हापूस’ शब्द नको, नाहीतर तोच शब्द एका ओळीत तीनदा दिसेल. ‘पुण्यात घरपोच सेवा’, ‘आढीत पिकवलेली फळं’, ‘आजच पेटी मागवा’ हे कोणत्याही क्रमाने वाचा, अडखळायला होत नाही.

जुना_खेळाडू: आणि एका मथळ्याला तीस अक्षरांच्या मर्यादेचं काय? मराठीत जागा भरपूर मिळते.

अक्षरमोजणी: उलट कमी मिळते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला हापूस’ डोळ्याला चौदा अक्षरं दिसतात, मोजणीत एकोणतीस भरतात. म्हणून मी ‘आढीत पिकवलेली’ म्हटलं. जोडाक्षरं कमी, आणि आंबेवाल्यांच्या तोंडचा शब्दही तोच.

रँकवाला: पण पिन केलं की ‘ॲड स्ट्रेंथ’, म्हणजे जाहिरात किती चांगली जमली याची गूगलची खूण, घसरते आणि जाहिरात मागे पडते.

अक्षरमोजणी: पहिलं खरं, दुसरं नाही. ती खूण तुम्हाला सूचना म्हणून असते, कोणाची जाहिरात वर दिसेल हे ठरवणाऱ्या लिलावात ती थेट धरली जात नाही. घसरली म्हणून घाबरू नका.

शिकवणीवाले_सर: माझा अनुभव सांगतो. एका मथळ्यात ‘पहिला तास मोफत’, दुसऱ्यात ‘फक्त नव्या विद्यार्थ्यांसाठी’. दुसरा बऱ्याचदा दिसतच नव्हता. जुन्या मुलांचे पालक फोन करून भांडले हो!

अक्षरमोजणी: सर, तीन मथळे दरवेळी दिसतीलच असं नाही, म्हणून अट आणि सवलत वेगळी ठेवायचीच नाही. ‘नव्या मुलांना पहिला तास मोफत’ अठ्ठावीसमध्ये बसतं.

पेटीवाली: रत्नागिरी हापूसही सुरू करतेय. तेही याच जाहिरातीत घालू?

अक्षरमोजणी: नको, त्यासाठी वेगळा जाहिरात-गट करा. ‘देवगड हापूस | रत्नागिरी हापूस’ शेजारी आले तर गिऱ्हाईक विचारेल, नेमकं काय विकता?

जुना_खेळाडू: गट वेगळा, हे मान्य. पण दिवसाला दहा-बारा क्लिक येणाऱ्या दुकानाला कोणती जोडणी चालते हे कळेपर्यंत हापूसचा हंगाम संपतो. त्यांनी मथळे मोकळे का सोडावेत, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.