चर्चा: वाळूसर जमीन, झडीचा पाऊस आणि मक्याचा युरिया – पुन्हा द्यायचा की थांबायचं?

तापीकाठ: आमची जमीन नदीकाठची, वाळूसर. खरीप मका, पावसावरचा, आज 24 दिवसांचा. पेरताना एकरी 10:26:26 ची एक गोणी आणि अर्धी गोणी युरिया दिला. कोळपणीला मजूर मिळाले म्हणून 18 व्या दिवशी युरियाची पूर्ण गोणी दिली. आठवडाभराच्या उघडीपीनंतर 20 व्या दिवसापासून तीन दिवस झड लागली, सगळा मिळून 140 मिमी पाऊस. आता पीक फिकं दिसतंय. गोणी गेली का? परत लगेच द्यायची, की 30-35 दिवसांची वाट बघायची?

बांधावरचा: गेली समजा. वाळूसर जमिनीत 140 मिमी म्हणजे नत्र मुळांखाली उतरलंच. वाफसा आला की त्याच दिवशी दुसरी गोणी टाका. मक्याच्या कणसाला किती ओळी येणार हे साधारण सहा ते आठ पानांच्या अवस्थेतच ठरतं, आणि तुमचं पीक नेमकं तिथेच आलंय. या आठवड्यात उपाशी राहिलेलं पीक पुढे कितीही खत घातलं तरी ते नुकसान भरून काढत नाही. गोणीचे पैसे वाचवायला जाऊन कणसात घट घेऊ नका.

शेतीमित्र_चोपडा: एवढं घाबरायचं कारण नाही. आता युरिया सगळा निमकोटेडच येतो, 2015 पासून तसा नियमच आहे. निमकोटेड युरिया पावसात उतरत नाही, हळूहळू लागू होतो. 30 व्या दिवशी ठरलेला हप्ता द्या, बस.

मातीपरीक्षक (निवृत्त): शेतीमित्र, निमाचा लेप काय करतो ते नीट पाहू. अमोनियमचं नायट्रेट व्हायला तो थोडा उशीर लावतो. पण युरियाचा दाणा पाण्यात विरघळायचा थांबत नाही, आणि विरघळलेल्या युरियाला मातीचा कण धरून ठेवत नाही. तो पाण्याबरोबर नायट्रेटसारखाच खाली जातो. म्हणून खत टाकल्याच्या दिवशीच जोराचा पाऊस आला तर लेपाचा फारसा उपयोग होत नाही.

आता तापीकाठ यांच्या शेताकडे. बांधावरचा यांनी सगळं नत्र एकाच हिशेबात धरलं, ते मला पटत नाही. पावसाच्या वेळी या शेतात दोन वेगवेगळ्या वयांचं नत्र होतं. पेरणीचं सुमारे 15 किलो नत्र वीस दिवसांचं झालेलं. या उष्णतेत त्याचं बहुतेक नायट्रेट झालेलं असणार, आणि इवल्या रोपांनी त्यातलं दोन-तीन किलोच उचललं असेल. उरलेलं पाण्याबरोबर उतरलं असं धरा. गोणीचं नत्र मात्र दोनच दिवसांचं. जमिनीत ओल होती, त्यामुळे निम्म्याच्या आसपास युरियाचं अमोनियम झालं असेल. अमोनियमला माती धरते. तुमच्या मातीत चिकणमाती कमी, म्हणून थोडं सरकलं असेल, पण ते बरंचसं वरच्या थरातच आहे. राहिलेला अर्धा युरिया खाली निघाला, तरी पाऊस तीन दिवसांत विभागून पडल्यामुळे त्यातलाही काही वाटेत अमोनियम होऊन अडकला असेल.

म्हणजे माझ्या अंदाजाने दिलेल्या 35-36 किलो नत्रापैकी साधारण 18 किलो आज मुळांच्या खाली आहे आणि 14 च्या आसपास वर शिल्लक आहे. पुढच्या आठ-दहा दिवसांची गरज त्यातून भागू शकते.

तापीकाठ: सर, पाणी किती खोल गेलं हे कसं काढायचं? मला तर वाटतं ते थेट नदीला मिळालं.

मातीपरीक्षक (निवृत्त): आधी निथळलेलं पाणी काढा. 140 मिमी पडला. त्याआधी आठवडाभर उघडीप होती म्हणता तर कोरड्या झालेल्या थराने साधारण 25 मिमी पिऊन घेतला असेल. तीन दिवसांची वाफ 10 धरा, आणि शेताबाहेर वाहून गेलेलं 15. उरले 90 मिमी. आता तुमची माती निथळून झाल्यावर किती पाणी धरते ते बघायचं. शंभर भाग मातीत 15 भाग पाणी राहत असेल तर 90 भागिले 0.15, म्हणजे 600 मिमी. नायट्रेटचा मोठा वाटा सरासरी दोन फूट खाली सरकला. काळ्या भारी जमिनीत हाच आकडा 35-40 असतो, तिथे एवढं पाणी निथळलं तरी नायट्रेट नऊ-दहा इंचच सरकतं. तिथे नत्र जातं ते साचलेल्या पाण्यात वायू होऊन. म्हणून काळ्या जमिनीतल्या शेजाऱ्याचा अनुभव इथे लावू नका.

हा 15 चा आकडा घरी काढता येतो. पाऊस थांबून एक दिवस झाला की पत्र्याचा सरळ कडांचा डबा मातीत दाबून भरून घ्या, आतली माती मात्र ठेचून घट्ट करू नका. डब्यात पाणी किती मावतं ते आधी मोजून ठेवा. माती वजन करा, तव्यावर मंद आचेवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. अर्धा लिटरच्या डब्यात 75 ग्रॅम घट आली तर तुमचा आकडा 15. वर एकदा आणि दीड फुटावर एकदा, असं दोनदा करा.

आणि हा सगळा हिशेब एका सरळ रेषेत चालत नाही हेही सांगतो. काही नायट्रेट मागे राहतं, काही गांडुळांच्या आणि जुन्या मुळांच्या वाटांनी खूप खोल जातं. दोन फूट हा मधला आकडा आहे.

केळीवाला_रावेर: आम्ही केळीला ठिबकमधून दर आठवड्याला थोडं थोडं युरिया सोडतो, असा प्रश्नच येत नाही. तुम्हीही तसंच करा. झडीत जमीन ओली असते तेव्हा मात्र ठिबक चालवू नका, खत सोडण्यासाठी सोडलेलं पाणीच खत खाली ढकलतं.

तापीकाठ: दादा, मका पावसावरचा आहे, ठिबक नाही. पण शेवटचं लक्षात ठेवीन, रब्बीत विहिरीचं पाणी देतो तेव्हा.

कृषिकन्या_नंदुरबार: माती तपासून घेतली तर वाद मिटेल ना? आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध नत्र लिहिलेलं असतं.

मातीपरीक्षक (निवृत्त): ताई, तो आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नाही. पत्रिकेतलं उपलब्ध नत्र आपल्याकडे अल्कलाइन परमँगनेट पद्धतीने काढतात. त्यात सेंद्रिय पदार्थातून सुटणारं नत्र आणि अमोनियम येतं, नायट्रेट त्यात येतच नाही. पावसाच्या आधी आणि नंतर नमुना दिला तरी आकडा जवळपास तोच येईल, आणि शेतकरी समजेल की काही गेलंच नाही. नायट्रेट वेगळं मोजून मागावं लागतं, एक फुटाचा आणि दोन फुटांचा नमुना वेगवेगळा, आणि नमुना गार ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. पिशवीत चार दिवस ठेवलेल्या ओल्या मातीत नायट्रेट वाढत राहतं.

बांधावरचा: सर, हिशेब कागदावर चांगला आहे, पण पीक फिकं पडलंय हे ते डोळ्यांनी बघतायत. 14 किलो शिल्लक असतं तर पीक हिरवं दिसलं नसतं का? तुमचा 14 चा अंदाज चुकून 6 निघाला तर आठवडा गेला. वाळूसर जमिनीत जास्त दिलेल्याचा तोटा पैशांत होतो, कमी दिल्याचा तोटा कणसांत.

मातीपरीक्षक (निवृत्त): तुमच्या शंकेत तथ्य आहे, म्हणून फिकेपणा कोणता ते ओळखू. नत्र कमी असेल तर खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेच्या बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखं पिवळं पडतं आणि वरचं पान त्यामानाने हिरवं असतं. उलट वरची कोवळी पानं फिकी आणि रेघारेघांची असतील तर गंधकाकडे बघा. सल्फेटही वाळूतून उतरतं आणि 10:26:26 मधून गंधक धरण्याजोगं मिळत नाही. सगळं झाडच एकसारखं मलूल असेल तर मुळं पाण्यात गुदमरली आहेत, वाफशानंतर चार-पाच दिवसांत ते सावरतं.

तापीकाठ: पानं जवळून बघितली. बहुतेक झाड एकसारखंच फिकं आहे. पाच-सहा ठिकाणी मात्र खालच्या पानांचे शेंडे पिवळे आहेत.

मातीपरीक्षक (निवृत्त): मग पट्टी करून बघा. 60 सेंमी अंतराच्या चार ओळी, पाच मीटर लांब, म्हणजे 12 चौरस मीटर. वाफसा येताच त्यात 130 ग्रॅम युरिया ओळीच्या बाजूला मातीआड करा, एकरी गोणीच्याच प्रमाणात. सहा-सात दिवसांत पट्टी बाकीच्या शेतापेक्षा ठळक हिरवी झाली तर शेत उपाशी आहे, त्याच दिवशी हप्ता द्या. फरक नसेल तर 30-32 व्या दिवसापर्यंत थांबा. उंच आणि सखल, दोन्हीकडे एकेक पट्टी ठेवा.

हप्त्याचं म्हणाल तर मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, एकरी 48. तुमचं ठरलेल्यातलं 12 उरलंय. त्यात गेलेल्या 18 पैकी 11-12 भरून काढा. सगळे 18 नकोत, कारण दोन फुटांवरचं काही मुळं पुढे उचलतील. एकूण 52 किलोच्या आसपास युरिया होतो. निम्मा 30-32 व्या दिवशी मातीची भर लावताना, निम्मा 42-45 व्या दिवशी तुरा यायच्या आधी.

शेतीमित्र_चोपडा: त्यापेक्षा दोन टक्के युरियाची फवारणी करा, उतरायचा प्रश्नच नाही.

बांधावरचा: 200 लिटर पाण्यात चार किलो युरिया, म्हणजे एकराला दोन किलोही नत्र नाही. तगवायला ठीक, पण हप्त्याची जागा घेणार नाही. आणि सर, सहा-सात दिवस पट्टीची वाट बघायची तर पीक 31 दिवसांचं होतं. ओळी ठरायचा काळ निम्मा संपला.

मातीपरीक्षक (निवृत्त): म्हणून उद्याच पट्टी करा म्हणतोय. पण आज पूर्ण गोणी दिली आणि परत झड लागली तर ही गोणी आधीच्यापेक्षा वाईट जाईल, कारण आता जमीन भरलेली आहे. पिऊन घेणारे ते 25 मिमी आता उरले नाहीत. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पाच दिवसांचा पाऊस असतो. त्यात 10 मिमी दिसला तर खत द्यायला उत्तम, तो युरिया मातीत मुरवतो. 40-50 दिसला तर हात आखडा.

कृषिकन्या_नंदुरबार: सल्ल्यातला पाऊस आणि शेतातला पाऊस यात फार फरक पडतो. मंडळाच्या केंद्रावर 60 आणि आमच्या शिवारात 15 असं झालंय. बांधावर सरळ कडांचा डबा ठेवा, हिशेबाला तोच आकडा घ्या.

तापीकाठ: डब्याची माती वाळवली. वर 60 ग्रॅम घट आली, म्हणजे 12. दीड फुटावर 90 ग्रॅम, म्हणजे 18. खाली पोयट्याचा थर लागतोय.

मातीपरीक्षक (निवृत्त): हे महत्त्वाचं. 90 मिमीपैकी वरच्या 40 सेंमीने 48 घेतले, उरलेले 42 पोयट्यात 23 सेंमी उतरले. एकूण 63 सेंमी. खोली तितकीच, पण नत्र आता धरून ठेवणाऱ्या थरात आहे. पुन्हा मोठा पाऊस झाला नाही तर मुळं तिथे पोचतील.

बांधावरचा: पोचतील, पण चाळिसाव्या दिवशी. आजची भूक कोण भागवणार? मी असतो तर अर्धी गोणी वाफशाला दिलीच असती.

तापीकाठ: उद्या दोन पट्ट्या करतो. सखल भागात, जिथे शेंडे पिवळे आहेत, तिथे बांधावरचा भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या गोणीच्या प्रमाणात लगेच देतो. बाकी शेत पट्टीवर सोडतो. दुकानात युरिया सोबत दुसरं काही घेतल्याशिवाय देत नाहीत, म्हणून पुढच्या हप्त्याची गोणी आजच आणून ठेवतोय.