सीनियर स्टायलिस्ट सोडून चाललाय, गिऱ्हाईकंही जातील. नोटीस वाढवू की पैसे?

गंगापूररोड_सलून : नाशिकला माझं सहा खुर्च्यांचं युनिसेक्स सलून आहे. सहा वर्षांपूर्वी शॅम्पू करायला आलेला मुलगा आज माझा सगळ्यात मोठा स्टायलिस्ट आहे. महिन्याला जीएसटी सोडून २ लाख ६० हजारांचं काम एकटा करतो. पगार ३२ हजार, आणि पगाराच्या पाचपटीच्या वर जे काम होईल त्यावर ५ टक्के. एक किलोमीटरवर नवीन सलून होतंय, तिथून त्याला ४५ हजार पगार आणि २ लाखांच्या पुढे १० टक्के अशी ऑफर आहे. प्रॉडक्टवाल्या सेल्समनकडून कळलं. विचारलं तर "दिवाळीनंतर बघतो" म्हणाला. बायका त्याच्या स्वतःच्या नंबरवर "दादा, शनिवारी आहेस ना?" असा मेसेज टाकतात, माझ्या काउंटरला पत्ताच नसतो. त्याच्या लेटरमध्ये एक महिन्याची नोटीस आहे आणि "सोडल्यावर दोन वर्षं तीन किलोमीटरमध्ये काम करणार नाही" असंही आहे. याचा काही उपयोग आहे का? नोटीस तीन महिन्यांची करू का? पगार वाढवला तर बाकीचे चौघे गप्प बसतील का?

ठाणे_वर्कशॉप : सही आहे ना त्याची? मग वकिलाकडून नोटीस पाठवा. मनाईहुकूम मिळतो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक सुपरवायझर करार मोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेला होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. गोलिकरी खटला म्हणतात त्याला. माझ्या वर्कशॉपच्या प्रत्येक लेटरमध्ये मी हे कलम घालतो आणि अजून एकही माणूस समोरच्या गल्लीत गेलेला नाही.

वकील_सातारा : खटला बरोबर सांगितलात, पण त्यातली मुख्य गोष्ट सुटली. त्या माणसाचा करार पाच वर्षांचा होता आणि तो मुदत संपायच्या आधी गेला. मनाई होती ती उरलेल्या मुदतीपुरती. इथे प्रश्न नोकरी रीतसर संपल्यानंतरचा आहे, आणि तिथे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं. कुणालाही त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं जाहिरातीचं काम बघणारी कंपनी यांच्या २००६ च्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरचं बंधन मानलं नाही. तेव्हा ते तीन किलोमीटर विसरा.

नोटीसचं कलम मात्र चालतं. पण नोटीस म्हणजे त्याला खुर्चीशी बांधून ठेवणं नव्हे. नोटीस न देता गेला तर फार तर तेवढ्या दिवसांचा पगार मागता येईल, कोर्ट त्याला कात्री धरायला लावणार नाही. आणि जुन्या माणसाची नोटीस एकतर्फी वाढवता येत नाही. नवीन लेटर, त्याची राजीखुशी, आणि तुमच्याकडूनही तेवढीच नोटीस. तीन महिने मागाल तर तो सहीच करणार नाही. दोन महिने मागा, आणि त्याच लेटरमध्ये पैसे वाढवून द्या.

कोथरूड_१७वर्षे : वकीलबाईंचं खरं आहे. पण दोन महिने मिळाले तर त्यात करायचं काय, हे आधी ठरवा. नाहीतर त्या दोन महिन्यांत तो प्रत्येक बाईला नवीन पत्ता सांगून मोकळा होईल.

बाई स्टायलिस्टच्या मागे जाते याची कारणं दोन. एक माया, तिच्यावर आपला इलाज नाही. दुसरं कारण कलर. तिचा फॉर्म्युला फक्त त्याच्या डोक्यात असतो. माझ्याकडे कलरचं कार्ड आहे, रूट टच-अप असो की ग्लोबल, प्रत्येक वेळी भरायचं. "५ नंबर अर्धी, ६.३ अर्धी, डेव्हलपर २० व्हॉल्यूम, ४० मिनिटं, कपाळाकडे पांढरे जास्त म्हणून तिथून सुरुवात, कानामागे जळजळ होते." कार्ड भरल्याशिवाय बिल फाडायचं नाही. २०१९ मध्ये माझी सगळ्यात चांगली मुलगी गेली तेव्हा एकही कार्ड नव्हतं. पुढच्या मुलाने अंदाजाने लावलं, मुळं केशरी आली. ती बाई ओरडली नाही, फक्त परत आली नाही. तो केशरी पट्टा मला अजून दिसतो.

आता पैशाचं. आज त्याला ३२ हजार आणि १ लाखावर ५ टक्के, म्हणजे ३७ हजार मिळतात. तिकडे ४५ आणि ६, म्हणजे ५१. तुम्ही पगाराला हात लावू नका, टप्पे बदला. दीड लाखापर्यंत काही नाही, दीड ते अडीच लाखावर १० टक्के, त्यापुढे १५. त्याच्या कामावर ते साडेअकरा हजार होतात, म्हणजे हातात ४३,५००. शिवाय कामाच्या २ टक्के, म्हणजे ५,२००, दर महिन्याला बाजूला ठेवा आणि वर्ष पूर्ण झाल्यावर एकदम द्या, ६२ हजारांच्या वर जातील. सगळं धरून तुम्हाला महिना ११,७०० जास्त पडतात.

तो गेला आणि अर्धी गिऱ्हाईकं गेली असं धरा. आज त्याच्या खुर्चीवर, १२ टक्के माल आणि त्याचे ३७ हजार वजा जाता, १ लाख ९१ हजार उरतात. उद्या १ लाख ३० हजारांच्या कामातून माल गेला, नवीन मुलाला २२ हजार दिले की ९२ हजार. भाडं तेवढंच. म्हणजे महिना जवळजवळ १ लाखाचा खड्डा.

आणि टप्पे पाचही जणांना लावा. त्याला एकट्याला गुपचूप वाढवलंत तर आठ दिवसांत चहाच्या टपरीवर कळतं.

खुर्ची_वाशी : मी स्वतः स्टायलिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. दर महिन्याला २ टक्के बाजूला ठेवायचे आणि वर्षाने द्यायचे, हे ऐकायला गोड आहे. आम्हाला ते आमचेच पैसे अडकवल्यासारखं वाटतं. मला एका मालकाने असंच सांगितलं होतं. अकराव्या महिन्यात "रेटिंग कमी आलं" म्हणून अर्धे कापले. त्यानंतर अशी स्कीम दिसली की मी उठून जातो.

त्या मुलाला जायचंय ते फक्त ५१ हजारांसाठी असं समजू नका. सहा वर्षांपूर्वी त्याने तुमच्याकडे लोकांची डोकी धुतली. आजही तो तुमच्यासाठी तोच पोरगा आहे का? रविवारी सलग नऊ तास उभा राहतो, मधे जेवायला किती मिनिटं मिळतात, ते बघा. आणि "गिऱ्हाईक माझं" हे दोघांनीही म्हणू नये. मी केस कापले, मालकाने भाडं भरलं, ती बाई दोघांचीही नाही.

कोथरूड_१७वर्षे : अट लिहून द्या, महिन्याच्या स्लिपवर साठलेला आकडा दाखवा, आणि रेटिंग वगैरे काही जोडू नका. फक्त तारीख. त्या तारखेला नोकरीवर असेल तर पूर्ण, मधेच गेला तर नाही. तुमच्या मालकाने केलं ती फसवणूकच.

खुर्ची_वाशी : मधेच काढून टाकलं तर?

कोथरूड_१७वर्षे : तर त्या दिवसापर्यंतचे पूर्ण द्यायचे. हे लेटरमध्ये हवंच, मी लिहायचं विसरले.

कोल्हापूर_जेन्ट्स : एवढं काय करायचं? १ लाख उचल द्या. फिटेपर्यंत कुठे जात नाही. आमच्याकडे सगळेच देतात.

वकील_सातारा : उचल अडचणीला द्या, कागद करून द्या, त्याच्या संमतीने झेपेल तेवढीच दर महिन्याला कापा. पण "फिटेपर्यंत जायचं नाही" असं म्हणाल तर तुम्ही १९७६ च्या वेठबिगारी कायद्याच्या दारात उभे राहता. जाणारा माणूस बाकी रक्कम हप्त्याने देणं लागतो, तो स्वतः तारण नाही. तसंच शेवटचा पगार अडवू नका. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असतो, आणि कमावलेला इन्सेंटिव्हही त्यासोबतच देऊन टाका.

इंदिरानगर_मीनल : मी फक्त गिऱ्हाईक आहे, माझं सांगते. आठ वर्षांत मी एकाच मुलीच्या मागे तीन सलूनं बदलली. पहिल्या सलूनमध्ये फोन केला तेव्हा सांगितलं, ती गावी गेलीय, महिन्याने येईल. मी महिनाभर पांढरी मुळं घेऊन एका लग्नात मिरवले. मग ती मला भाजीबाजारात भेटली, दुसरीकडे लागून तीन आठवडे झाले होते तिला. त्या दिवशी मी जुन्या सलूनमध्ये जाणं बंद केलं. खरं सांगितलं असतं तर कदाचित थांबले असते, माझं पॅकेजही तिथेच शिल्लक होतं.

ठाणे_वर्कशॉप : कायद्याचं माझं चुकलं असेल. पण अनुभवाचं सांगतो, जायचं ठरवलेल्याला पैसे वाढवून थांबवू नका. माझ्या टर्नरला ६ हजार वाढवले, पाच महिन्यांनी गेलाच, हेल्परलाही घेऊन गेला. मन गेलेला माणूस फक्त महाग होतो.

कोथरूड_१७वर्षे : यावर माझंही मन दोन्हीकडे आहे. माझ्याकडे दोघं थांबली आणि चार-पाच वर्षं राहिली, एक तीन महिन्यांत गेला. पण तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचा सीझन आहे. त्या तीन महिन्यांसाठीसुद्धा मी पैसे देईन, आणि तेवढ्यात कार्डं भरून घेईन. कलरच्या प्रत्येक बाईजवळ दुसऱ्या मुलीला उभी करायची. पहिल्या वेळी ती फक्त मिक्स करेल, दुसऱ्या वेळी मागची बाजू लावेल. दोन वेळा झालं की बाईला तिचं नाव तोंडपाठ होतं. टच-अप महिन्या-दीड महिन्याने येतो, म्हणून एक महिन्याच्या नोटीसमध्ये हे बसत नाही, दोनमध्ये कसंबसं बसतं.

खुर्ची_वाशी : हे त्याला न सांगता केलंत तर पहिल्याच दिवशी कळेल की जागा भरताय.

गंगापूररोड_सलून : काल रात्री सलून बंद करून त्याच्याशी बोललो. टप्पे कागदावर दाखवले. पैशाबद्दल त्याने फार विचारलं नाही, स्लिपवर साठलेला आकडा दिसणार का एवढंच विचारलं. मग म्हणाला, मला रविवारी दुपारी अर्धा तास खाली बसून जेवायचंय आणि बोर्डावर नाव पाहिजे. जेवणाचं लगेच हो म्हटलं. नावाचं अजून ठरत नाही. नाव लावलं आणि वर्षाने तो गेला तर बोर्ड उतरवताना सगळ्या गंगापूर रोडला दिसेल.

कार्डांचं त्याला सरळ सांगितलं. त्याच्या खिशात एक छोटी डायरी निघाली, १४० बायकांचे फॉर्म्युले, त्याच्या अक्षरात. ती माझी की त्याची, हे मला खरंच कळत नाही.

वकील_सातारा : डायरी त्याची. पण फॉर्म्युले तुमच्या बिलावर, तुमच्या मालाने, तुमच्या पगारात झाले, तेव्हा त्यांची प्रत मागायचा तुमचा हक्क मला दिसतो. कोर्टात कुणी कसं बघेल ते सांगता येणार नाही. हिसकावू नका. लेटरवर सही होईल त्याच दिवशी दोघं बसून उतरवून घ्या, आणि त्या दिवसाचा पगार वेगळा द्या.

कोथरूड_१७वर्षे : १४० कार्डं एका दिवसात होत नाहीत. पुढच्या दोन महिन्यांत ज्यांची अपॉइंटमेंट आहे त्यांच्यापासून सुरू करा.