संदर्भावरून शब्द भरू नका

> 'डॉक्टरांनी हाताने लिहिलेल्या कागदाच्या फोटोवरून टाइप करताना जो शब्द लागत नाही तो संदर्भावरून भरला तर चालेल का? दर वेळी डॉक्टरांना विचारायला अवघड वाटतं.'

औषधाचं नाव किंवा आकडा असेल तर अजिबात नको. माझ्याकडे एका कागदावर इन्सुलिनपुढे 10 आणि त्याला चिकटून युनिटचा इंग्रजी यू होता. यूचं तोंड वर मिटलेलं, त्यामुळे मी आधी चक्क 100 वाचलं! शेवटी शंकेची खूण घालून असं टाइप केलं:

इन्सुलिन [? 10 युनिट / 100 ?] सकाळी

दोन्ही वाचनं ठेवायची आणि शेजारी फोटोतली तेवढीच ओळ कापून लावायची. अख्खं पान शोधावं लागलं की डॉक्टर न बघताच 'ठीक आहे' म्हणतात. 'खोकला'सारख्या शब्दांवर खुणा उधळू नका. औषधाशेजारचे आकडे मात्र स्पष्ट वाटले तरी फोटोशी पुन्हा ताडा. खात्रीने चुकीचं वाचलं की खूण पडतच नाही.