जुन्या गल्ल्यांवरच्या ईमेल-पत्राला नाव काय द्यावं?

नदीपात्र : पुण्याच्या पेठांमधल्या आळ्या, बोळ, हौद, पार यांचा विस्मरणात गेलेला इतिहास दर पंधरवड्याला ईमेलने पाठवायचा आहे. तीन नावं डोक्यात आहेत : ‘पुण्याच्या विसरलेल्या गल्ल्या’, ‘उच्छ्वास’ आणि ‘वेताळ पेठ’. कोणतं घ्यावं, आणि का?

कसबेकर : पहिलं आधी काढा. कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडा पडतो. तिथे राहणाऱ्यांनी काय विसरलंय? शिवाय फोनवर पत्रांच्या यादीत पाठवणाऱ्याच्या नावाला फार थोडी जागा असते. तिथे ‘पुण्याच्या विसरले…’ एवढंच दिसेल आणि नेमका ‘गल्ल्या’ हा शब्द कापला जाईल. माझं मत ‘उच्छ्वास’ला. कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्यातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत उंच मनोरे बांधले, त्यांना उच्छ्वास म्हणायचे. त्याच पाण्यावर पेठांमधले हौद भरायचे. म्हणजे विषयाच्या पोटातूनच आलेलं नाव.

सदाशिव_तिसरा_मजला : नाव सुंदर आहे, पण ज्याला हा नळ माहीत नाही तो प्राणायामाचं पत्र समजून पुढे जाईल. ज्याला माहीत आहे त्याला तुमच्या पत्राची गरज कमी! आणि हे नाव फोनवर सांगून बघा. ऐकणारा uchvas, ucchwas, uchhvas यातलं काहीही टाइप करेल. शोधून सापडायचं नाही. सरळ ‘पुण्याच्या गल्ल्या’ ठेवा आणि मोकळे व्हा.

टंकलेखक : मुळात देवनागरी नावच नको. ईमेलमध्ये मराठी अक्षरांचे चौकोन होतात, पत्र स्पॅममध्ये जातं.

कसबेकर : अर्धं बरोबर. पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत असलं तर आजच्या सगळ्या मोठ्या मेलसेवांमध्ये नीट दिसतं. अडचण पत्त्याची आहे. देवनागरी डोमेन घेतलं की ते आतून xn-- ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतं आणि काही ठिकाणी तसंच उघडं पडतं. वाचकाला ते फसवणुकीचं वाटतं. म्हणून नाव देवनागरीत, पत्ता साध्या रोमनमध्ये.

करवीरकर : आमच्या कोल्हापुरात तालमीच्या नावावरून गल्लीचा पत्ता सांगतात. नावात ‘तालीम’ही आलं तर बरं होईल, आम्हीपण वाचू.

सदाशिव_तिसरा_मजला : दादा, पत्र पुण्याचं आहे. पण मुद्दा निघालाच आहे तर नदीपात्र, उद्या कोल्हापूर-नाशिक घेणार का? घेणार असाल तर ‘वेताळ पेठ’ आजच बाद.

पार_आणि_पिंपळ : उलट मला ‘वेताळ पेठ’च पटतं. गुरुवार पेठेचं हे जुनं नाव. नानांच्या पेठेला आधी हनुमान पेठ म्हणत, तसंच हे. बदललेलं नाव हाच विषयाचा नमुना. त्यात ‘पेठ’ असल्यामुळे गाव आणि काळ आपोआप कळतो. रोमनमध्ये vetalpeth हे बहुतेक जण एकसारखंच लिहितात.

सदाशिव_तिसरा_मजला : आणि वेताळ टेकडीवाले समजतील टेकडी वाचवण्याचं पत्र आहे. उरलेले भुताच्या गोष्टी मागतील.

कसबेकर : ते पत्राच्या विषय-ओळीने सावरता येतं. पाठवणारा ‘वेताळ पेठ’ आणि विषय ‘साततोटी हौदाचं पाणी कुठून यायचं?’ असं एकाखाली एक वाचलं की भुतं पळाली. मात्र विषय-ओळीत पुन्हा पत्राचं नाव आणि ‘अंक ७ वा’ लिहू नका. सुरुवातीचे मोलाचे शब्द त्यातच संपतात आणि हौद कापला जातो.

नदीपात्र, भांडणापेक्षा चाचणी करा. तिन्ही नावं पाठवणाऱ्याच्या जागी घालून स्वतःलाच पत्रं पाठवा आणि दोन वेगवेगळ्या फोनवर यादी बघा. मग विषयाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना नाव फक्त तोंडी सांगा, रोमनमध्ये लिहून घ्या आणि पत्र कशाबद्दल असेल ते विचारा. जे एकसारखं लिहिलं जात नाही ते निदान पत्त्यात नको.

पत्ता तर नावापासून वेगळाच ठेवा. दिसणारं नाव दोन मिनिटांत बदलता येतं. डोमेन बदललं की पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या SPF आणि DKIM च्या नोंदी नव्याने कराव्या लागतात, नव्या डोमेनची पत शून्यापासून बनते आणि ज्यांनी जुना पत्ता संपर्कात ठेवलाय त्यांच्याकडेही पत्र स्पॅममध्ये जाऊ शकतं. puneripeth सारखं काही मोकळं असेल तर ते घ्या.

पार_आणि_पिंपळ : ‘पुणेरी’ म्हटलं की लोक पाटी शोधतात हो. punepeth बघा.

नदीपात्र : दुसऱ्या गावांचा विचार नाही, त्यामुळे ‘वेताळ पेठ’ शर्यतीत राहिलं. ‘विसरलेल्या गल्ल्या’ यादीत कापलं जातं, म्हणून ते गेलं. ‘उच्छ्वास’ पत्त्यात नाही, पण हौद-नळांच्या सदराला देतो. ‘वेताळ पेठ’ची तोंडी चाचणी रविवारी करतो.

सदाशिव_तिसरा_मजला : करा. गुरुवार पेठेत राहणाऱ्यांनाही विचारा. त्यांनी ‘हे कुठं आलं?’ म्हटलं तर माझं ‘पुण्याच्या गल्ल्या’ अजून मोकळं आहे.